मेलमधल्या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर: आधी आद्याक्षरं, मग रंग

वागळे इस्टेटमध्ये आमचं इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनल जोडायचं काम चालतं. वायरिंग ज्या पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये बसते, ती कॅबिनेटं आम्ही रबाळे एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतो. ऑर्डर गेली की दोन-तीन दिवसांत त्यांच्याकडून प्रश्नांचा मेल येतो. पत्रा किती जाड, शेड कोणता, बिजागरी कुठल्या बाजूला, असे पाच-सहा मुद्दे असतात. आमच्याकडे नवीन लागलेल्या प्रत्येकाला मी आधी या मेलला उत्तर कसं द्यायचं तेच शिकवते. वर एक परिच्छेद लिहून मोकळं व्हायचं नाही. प्रत्येक प्रश्नाच्या खाली, त्यांच्याच मजकुरात, आपलं उत्तर लिहायचं आणि ते आपलं आहे हे एका नजरेत कळेल असं करायचं.

ओळखू येण्यासाठी बहुतेक जण उत्तराला रंग देतात. मीही कितीतरी वर्षं फक्त रंगच देत होते, आणि त्याचा फटका बसला.

दोन कॅबिनेटांची ऑर्डर होती. त्यांच्या मेलमध्ये तिसरा मुद्दा होता, "ग्लँड प्लेट खालून धरली आहे." केबल ज्या पट्टीतून कॅबिनेटमध्ये शिरते ती ही ग्लँड प्लेट. त्या साइटवर केबल छताच्या ट्रेमधून उतरणार होती, म्हणून मी त्याच ओळीला जोडून निळ्या रंगात लिहिलं, "वरून हवी." माझ्या पडद्यावर ते अगदी स्वच्छ दिसत होतं. तिकडे मात्र तो मेल काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापला गेला आणि कागद त्यांच्या कारखान्यात, शॉपवर पोचला. कागदावर ओळ उमटली ती अशी: "ग्लँड प्लेट खालून धरली आहे. वरून हवी." एकाच शाईत, एकापुढे एक. सुपरवायझरने पहिलं वाक्य धरलं आणि केबलचं कटआउट खाली मारून टाकलं. मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही दोन्ही लिहिलंय की. खालून पण आणि वरून पण." त्यांचं काही चुकलं नव्हतं, कागदावर खरंच दोन्ही होतं. दोन्ही कॅबिनेटं नव्याने करावी लागली आणि आठ दिवस गेले.

तेव्हापासून माझ्या उत्तराआधी चौकोनी कंसात माझी आद्याक्षरं येतात. रंग मी आजही देते, पण तो नंतर. रंग गेला तरी उत्तर ओळखू आलं पाहिजे, एवढं धरून पुढच्या पायऱ्या वाचा.

पहिली पायरी: आद्याक्षरं ठरवा आणि बदलू नका

नाव आणि आडनाव यांचं एकेक अक्षर घ्या, मध्ये टिंब किंवा जागा सोडू नका आणि बाहेर चौकोनी कंस लावा. माझं आहे [समो]. टिंब नको म्हणते ते शोधण्यासाठी. आज "स.मो.", उद्या "स. मो." आणि परवा "समो" लिहिलंत तर नंतर मेलमध्ये शोधताना निम्मी उत्तरं सापडणार नाहीत. कंस हवाच, कारण नुसती दोन-तीन अक्षरं दुसऱ्या शब्दाच्या पोटातही असू शकतात. "समो" शोधलं तर "समोर"सुद्धा सापडतो. कंसासकट शोधलं की फक्त उत्तरंच मिळतात.

मेल इंग्रजीत असेल तर आद्याक्षरंही रोमन लिपीत घ्या, म्हणजे समोरच्याला टाइप करून शोधता येतील. त्याच मेलच्या सीसीमध्ये तुमच्याच आद्याक्षरांचं आणखी कोणी असेल तर सरळ पहिलं नाव लिहा.

विंडोजवरच्या क्लासिक आउटलुकमध्ये हे आपोआप होतं. `File`, मग `Options`, मग `Mail` उघडा आणि खाली `Replies and forwards` हा भाग शोधा. तिथे `Preface comments with:` असा चौकोन आहे. त्यात खूण करा आणि पुढच्या रकान्यात आद्याक्षरं लिहा. कंस टाइप करू नका, तो आउटलुक स्वतः घालतं. यानंतर उत्तर देताना तुम्ही जुन्या मजकुरात कर्सर ठेवून टाइप करायला लागलात की आधी तुमची आद्याक्षरं उमटतात. तुमच्या आउटलुकमध्ये हा पर्याय दिसत नसेल, किंवा तुम्ही जीमेल वापरत असाल, तर हातानेच टाइप करा. तीन-चार अक्षरांचं काम आहे.

दुसरी पायरी: उत्तराला स्वतःची ओळ द्या

माझी खरी चूक इथे होती. प्रश्न जिथे संपतो तिथेच पुढे लिहू नका. प्रश्नाच्या शेवटी कर्सर ठेवा, एंटर मारा आणि नव्या ओळीवर आद्याक्षरांपासून सुरुवात करा.

जीमेलमध्ये `Reply` दाबलं की जुना मेल दिसत नाही. उत्तराच्या चौकटीत तळाशी तीन टिंबं असतात, ती दाबली की जुना मजकूर उघडतो. त्याच्या डावीकडे एक उभी रेघ असते. रेघेच्या आतलं ते समोरच्याचं, बाहेरचं ते तुमचं. प्रश्नानंतर एंटर मारल्यावर नवी ओळ रेघेच्या आतच राहिली तर `Ctrl+[` दाबा, म्हणजे ती डावीकडे सरकून रेघेबाहेर येते. एवढं केलं तरी उत्तर बरंचसं वेगळं दिसायला लागतं, अजून रंग दिलेला नसताना.

समोरच्याच्या शब्दांना हात लावायचा नाही. त्यांनी "बिजागरी"चं "बीजागरी" लिहिलं असेल तर ते तसंच राहू द्या. प्रश्नाला क्रमांक नसतील तर त्यांच्या ओळीत आकडे घुसवू नका, तुमच्या उत्तरात क्रमांक द्या. फार लांब मेल असेल आणि उत्तराशी संबंध नसलेला भाग गाळायचा असेल तर पूर्ण परिच्छेद गाळा आणि तिथे "[समो: इथला परिच्छेद गाळला आहे]" असं लिहा. वाक्य मध्ये तोडून अर्ध्यावर उत्तर देणं तर टाळाच. त्यांचं वाक्य त्यांच्या तोंडी पूर्ण राहिलं पाहिजे.

तिसरी पायरी: प्रत्येक उत्तर एकटं उभं राहील असं लिहा

माझ्या त्या ऑर्डरचा मेल आज आला असता तर मी त्याला असं उत्तर दिलं असतं. [समो] पासून सुरू होणाऱ्या ओळी माझ्या.

> 1. पत्रा सीआरसीए 1.6 मिमी, दरवाजा 2 मिमी धरला आहे. बरोबर?

[समो] हो, पत्रा 1.6 आणि दरवाजा 2 मिमी, दोन्ही बरोबर.

> 2. शेड मागच्या ऑर्डरप्रमाणे आरएएल 7032 की ड्रॉइंगवर आहे तसा 7035?

[समो] आरएएल 7035. मागच्या ऑर्डरचा शेड इथे धरू नका.

> 3. ग्लँड प्लेट खालून धरली आहे.

[समो] नाही, बदल करा. ग्लँड प्लेट वरच्या बाजूला हवी. साइटवर केबल छताच्या ट्रेमधून उतरते. खाली कटआउट नको.

> 4. बेस फ्रेम 75 मिमी की 100 मिमी?

[समो] बेस फ्रेम 100 मिमी.

> 5. बिजागरी डावीकडे की उजवीकडे?

[समो] अजून ठरलेलं नाही. साइटवर विचारून गुरुवारी दुपारी 12 पर्यंत कळवते. तोवर दरवाजाचं काम थांबवा, बाकी चालू द्या.

> 6. दोन्ही नग एकदम पाठवायचे का?

[समो] हो, दोन्ही नग एकाच गाडीत.

चौथ्या प्रश्नाला नुसतं "100" लिहूनही चाललं असतं, पण मी "बेस फ्रेम" परत लिहिलं आहे. कारण शॉपवरचा माणूस बऱ्याचदा पूर्ण मेल वाचत नाही. कोणीतरी त्याला फक्त उत्तराची ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतं. तिथे रंग पोचत नाही आणि वरचा प्रश्नही पोचत नाही. "[समो] बेस फ्रेम 100 मिमी" एवढी ओळ मात्र कुठेही गेली तरी पुरी असते.

"की" असलेल्या प्रश्नाला "हो" म्हणू नका, हे सांगायला नको खरं तर, पण घाईत होतं. "7032 की 7035?" "हो." असा मेल मी स्वतः पाहिला आहे.

तिसरा मुद्दा बघा. त्याला प्रश्नचिन्हच नाही. समोरच्याने काहीतरी गृहीत धरलं आहे आणि ते चूक असेल तर आपण सांगू, अशी त्याची समजूत आहे. नवीन माणूस प्रश्नचिन्हं शोधत खाली जातो आणि नेमकी हीच ओळ सोडून देतो. म्हणून "धरलं आहे", "समजतो", "मागच्यासारखंच करतो" अशा प्रत्येक ओळीखाली आपलं आद्याक्षर आलंच पाहिजे, मग उत्तर फक्त "हो, बरोबर" का असेना.

पाचव्यासारखं उत्तर माहीत नसेल तर जागा रिकामी सोडू नका. रिकामी जागा पाहून समोरच्याला वाटतं की आपल्याला प्रश्न दिसलाच नाही. काय बाकी आहे, कधी कळेल आणि तोवर काय थांबवायचं, हे तिथेच लिहा. आणि एखाद्या मुद्द्याचं उत्तर पाच-सहा ओळींच्या पुढे जायला लागलं तर ते मध्ये कोंबू नका. तिथे "[समो] सविस्तर खाली, शेवटी" असं लिहून मेलच्या तळाशी मांडा, नाहीतर पुढचे प्रश्न त्या मजकुरात बुडतात.

चौथी पायरी: आता रंग

रंग एकच, गडद निळा. लाल मी देत नाही. आपल्याकडे लाल म्हणजे मास्तरांनी चूक काढलेली, आणि "दोन्ही बरोबर" हे वाक्यसुद्धा लाल रंगात रागावल्यासारखं वाटतं. शिवाय ज्यांना लाल-हिरवा फरक नीट दिसत नाही अशी माणसं, विशेषतः पुरुष, आपल्या रोजच्या संपर्कात असतात आणि ती हे बोलून दाखवत नाहीत. त्यांना काळ्याशेजारचा गडद लाल वेगळा कळेलच असं नाही. पिवळा आणि फिकट हिरवा पांढऱ्या पडद्यावर वाचवत नाही. फोन डार्क मोडमध्ये असेल तर रंगांचं गणित आणखी बदलतं: काही अ‍ॅप रंग उजळ करून दाखवतात, काही तसाच ठेवतात, आणि मग काळ्या पार्श्वभूमीवर आपला गडद निळा दिसेनासा होतो. यावर आपल्या हातात काही उपाय नाही. म्हणूनच आद्याक्षरं आधी.

आउटलुकमध्ये रंगाचं बटण कधी कधी दाबलंच जात नाही, पुसट दिसतं. नवीन लोक इथे अडकतात. समोरून आलेला मेल प्लेन टेक्स्ट असेल तर आपलं उत्तरही प्लेन टेक्स्टमध्ये उघडतं आणि त्यात रंग, ठसा काहीच चालत नाही. `Format Text` या टॅबवर जाऊन `HTML` निवडलं की बटण चालू होतं. पण मी तसं सहसा करत नाही. समोरची यंत्रणाच साधा मजकूर पाठवत असेल तर ती आपला रंगही बहुधा गाळून टाकेल. अशा मेलमध्ये जुन्या पद्धतीप्रमाणे समोरच्याच्या ओळीआधी `>` हे चिन्ह असू द्या आणि आपली ओळ चिन्हाशिवाय लिहा:

```
> 4. बेस फ्रेम 75 मिमी की 100 मिमी?

[समो] बेस फ्रेम 100 मिमी.
```

आउटलुकमध्ये `Stationery and Fonts` या बटणाखाली `Pick a new color when replying or forwarding` असाही पर्याय आहे. तो चालू करू नका. रंग आउटलुक ठरवणार, आपण नाही, आणि मग "निळं ते माझं" असं कोणाला सांगायची सोय उरत नाही.

पाचवी पायरी: सगळ्यात वर एक ओळ

उत्तरं मध्ये लिहिली आणि वरची जागा रिकामी सोडली तर वाचणाऱ्याला मेल कोराच वाटू शकतो. जीमेल जुना मजकूर तीन टिंबांच्या मागे दडवतं, आणि आपली उत्तरं त्या जुन्या मजकुरातच असली तर कधी कधी तीही सोबत दडली जातात. समोरचा म्हणतो, "मेल आला, पण त्यात काहीच नाही." म्हणून वर लिहायचं:

> नमस्कार, सहाही मुद्द्यांची उत्तरं खाली तुमच्याच मजकुरात [समो] अशा खुणेने, निळ्या रंगात दिली आहेत. मुद्दा 3 मध्ये बदल आहे. मुद्दा 5 बाकी आहे.

शेवटची दोन वाक्यं विसरू नका. ज्याच्याकडे अर्धा मिनिट आहे त्याला एवढ्यात कळतं की कटआउट मारण्याआधी तिसरा मुद्दा वाचायचा आहे. आणि ड्रॉइंग परत जोडायचं असेल तर तेही आताच जोडा, कारण `Reply` केल्यावर मूळ मेलच्या अटॅचमेंट सोबत जात नाहीत.

दुसरी फेरी आली तर

फॅब्रिकेटर तुमच्या उत्तराखाली आणखी काही विचारतो, तुम्ही त्याखाली लिहिता. इथे लोक नवा रंग काढतात: आधी निळा, मग जांभळा, मग हिरवा. तिसऱ्या फेरीत कुठला रंग कोणाचा आणि कधीचा हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. रंग माणसाचा असू द्या, फेरीचा नको. फेरीसाठी आद्याक्षरांत तारीख घाला:

> 3. ग्लँड प्लेट खालून धरली आहे.
> [समो] नाही, बदल करा. ग्लँड प्लेट वरच्या बाजूला हवी.
> [अका 12/3] वर घेतो. मग पावसाचं पाणी?

[समो 13/3] पॅनल खोलीच्या आत आहे, पावसाचा प्रश्न नाही. ग्लँड प्लेट वरच.

समोरचे आपली आद्याक्षरं घालत नसतील तर पहिल्याच वेळी फोनवर विनंती करा. रबाळ्याच्या त्या साहेबांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच सुरू केलं, आणि आता त्यांच्याकडचे मेल माझ्यापेक्षा नीट असतात.

दोन फेऱ्यांनंतर मात्र ही पद्धत थांबवा. तिसऱ्यांदा आत शिरलेलं उत्तर कोणाला सापडत नाही. मग फोन करायचा, बोलून घ्यायचं आणि नवा, कोरा मेल लिहायचा: विषयात ऑर्डर क्रमांक आणि "ठरलेले मुद्दे", खाली सहा ओळी, जुना मजकूर काहीही नाही. शॉपवर छापायचा कागद तोच.

फोनवरून उत्तर देताना

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने रबाळ्याला निघालं की मधल्या वेळात एखादा मेल निपटावासा वाटतोच. फोनवर जुन्या मजकुरात नेमक्या जागी कर्सर ठेवणं जिकिरीचं असतं, रंग देणं त्याहून. दोनच मुद्दे असतील तर आद्याक्षरं टाइप करून लिहा, रंगाचा विचार सोडा. चारपेक्षा जास्त असतील तर मी गाडीतून फक्त "मेल मिळाला, संध्याकाळी 5 पर्यंत मुद्देवार उत्तर देते" एवढंच पाठवते.

पाठवण्याआधी

आधी हे बघा की मेलमध्ये फक्त बाहेरच्यांसाठीचीच उत्तरं आहेत. बऱ्याचदा आपण तोच मेल आत डिझाइनवाल्यांना फॉरवर्ड करतो आणि ते त्यात आपल्या नोंदी लिहून परत पाठवतात, त्यात दराबद्दल किंवा दुसऱ्या पुरवठादाराबद्दलही काही असतं. त्या प्रतीवरून बाहेर उत्तर पाठवायचं नाही. मूळ मेल उघडायचा, त्यालाच `Reply` करायचं आणि लागतील तेवढीच उत्तरं आपल्या आद्याक्षरांनी त्यात लिहायची.

मग छपाईचा पूर्वदृश्य पडदा उघडा आणि रंगाची निवड काळी-पांढरी करा. प्रत्येक उत्तर प्रश्नापासून वेगळं कळतंय का ते बघा. पहिले काही दिवस मेल आधी स्वतःलाच पाठवून फोनवर उघडून पाहिलात तर डार्क मोडमध्ये काय होतं तेही दिसेल.

शेवटी मोजणी. मेल स्वतःला पाठवला असेल तर तो उघडा आणि `[समो]` शोधा. जीमेलमध्ये ब्राउझरचं `Ctrl+F` चालतं, पण मजकूर तीन टिंबांच्या मागे दडला असेल तर आधी तो उघडा. क्लासिक आउटलुकमध्ये आलेला मेल उघडून `Ctrl+F` दाबलं तर तो फॉरवर्ड व्हायला निघतो, तिथे शोधण्यासाठी `F4` आहे. सहा मुद्दे असतील तर सात जागा सापडल्या पाहिजेत: सहा उत्तरं आणि वरच्या ओळीतली एक. सहाच सापडल्या तर एखादा मुद्दा राहिला आहे, आणि माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा प्रश्नचिन्ह नसलेलाच असतो.